नवरा फक्त शनिवार-रविवार घरी असतो. बाळासाठी प्रयत्न करताना दिवस कसे धरायचे? (जेल, उशी, पोझिशन या शंकाही आहेत)

मेघना_के
पाळी 28 ते 32 दिवसांच्या मध्ये कधीही येते, फार वेडीवाकडी नाही. मी कोल्हापुरात आणि नवरा पुण्यात नोकरीला. तो शनिवारी सकाळी येतो आणि सोमवारी पहाटे परत जातो, म्हणजे हातात दोनच रात्री. मोबाईलमधलं ॲप दर महिन्याला एकच दिवस हिरवा दाखवतं, आणि तो हमखास मंगळवार नाहीतर गुरुवार असतो.

माझे प्रश्न असे. रजा टाकून त्याने नेमक्या त्या हिरव्या दिवशीच यायला हवं का? दोन्ही रात्री संबंध ठेवले तर दुसऱ्या दिवशी शुक्राणू कमी पडतात का? कोरडेपणामुळे मला दुखतं म्हणून आम्ही मेडिकलमधलं साधं जेल वापरतो, ते चालेल का? आणि नंतर कमरेखाली उशी घेऊन पाय वर करून अर्धा तास पडून राहायला नात्यातल्या एका मावशींनी सांगितलंय, त्यात तथ्य किती?

जुनाजाणता
ताई, सोपं आहे. स्त्रीबीज चौदाव्या दिवशी बाहेर पडतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणून त्याआधी आठ-दहा दिवस पूर्ण संयम पाळायचा, म्हणजे वीर्य घट्ट आणि जोमदार होतं, आणि चौदाव्या दिवशी एकदाच नेमका संबंध ठेवायचा. उगाच रोजच्या रोज शक्ती घालवण्यात अर्थ नाही.

दवाखान्यातली
जुनाजाणता यांचं एक वाक्य अगदी बरोबर आहे. स्त्रीबीज 12 ते 24 तासच टिकतं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. बीज इतकं कमी टिकतं म्हणूनच ते बाहेर पडण्याच्या आधी शुक्राणू आत जाऊन थांबलेले असावे लागतात. पाळीच्या मधल्या दिवसांत गर्भाशयाच्या तोंडाशी जो पातळ, ताणला जाणारा स्राव असतो त्यात शुक्राणू तीन दिवस सहज टिकतात, कधीकधी पाच दिवससुद्धा. बीज निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी कितीही नेम धरला तरी उपयोग नसतो.

यावरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा, 1995 साली छापलेला. बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या 221 स्त्रियांनी रोजची लघवी साठवली आणि संबंधांची नोंद ठेवली. लघवीतल्या हार्मोन्सवरून बीज कोणत्या दिवशी बाहेर पडलं ते काढलं. गर्भ राहिले ते सगळे सहा दिवसांतल्या संबंधांतून: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यातही भरवशाचे म्हणजे आधीचे दोन दिवस आणि तो दिवस.

राहिला चौदावा दिवस. तो 28 दिवसांच्या पाळीचा सरासरी आकडा आहे, पंचांगातली तिथी नव्हे. पुढची पाळी येण्याच्या साधारण 14 दिवस आधी बीज सुटतं, त्यामुळे मोजायचं शेवटाकडून. मेघना, तुमची पाळी 28 ते 32 दिवसांची, म्हणजे तुमचं बीज 14 ते 18 यांपैकी कोणत्याही दिवशी सुटू शकतं, आणि उपयोगाचा काळ नववा ते अठरावा दिवस. ॲपचा हिरवा दिवस हा मागच्या पाळ्यांच्या सरासरीवरून बांधलेला अंदाज असतो. या महिन्यात तुमच्या अंडाशयात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

गणिती
त्याच अभ्यासातले वारंवारतेचे आकडे मेघना यांच्या कामाचे आहेत. त्या सहा दिवसांत रोज संबंध असतील तर एका पाळीत गर्भ राहण्याची शक्यता 37 टक्के, एक दिवसाआड असतील तर 33, आणि आठवड्यातून एकदाच असेल तर 15. म्हणजे रोज आणि एक दिवसाआड यांत फारसा फरक नाही, खरी घसरण आठवड्यातून एकदावर आल्यावर होते. शनिवार-रविवारच्या जोडप्यांची अडचण नेमकी तिथे आहे. दोन रात्री लागून येतात आणि मध्ये पाच रात्रींचं खिंडार पडतं.

सूक्ष्मदर्शी
वीर्य तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून 'साठवण्या'बद्दल.

आठ-दहा दिवस थांबलं की वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची एकूण संख्या वाढते, इतपत खरं. पण जुने झालेले शुक्राणू नळ्यांमध्ये तसेच पडून राहतात, त्यातले बरेच मेलेले किंवा मंद असतात. काचपट्टीवर गर्दी दिसते, पण पुढे पोहत जाणाऱ्यांचं प्रमाण घसरलेलं असतं. आम्ही तपासणीसाठी 2 ते 7 दिवसांचं अंतर मागतो ते सगळ्यांचे रिपोर्ट एका मापाने मोजता यावेत म्हणून. लोक तो नियम घरी घेऊन जातात आणि गर्भधारणेचा नियम समजतात.

ज्यांचं वीर्य नॉर्मल आहे त्यांची संख्या आणि हालचाल रोज स्खलन झालं तरी नॉर्मलच्या मर्यादेत राहते. ज्यांची संख्या मुळात कमी असते त्यांच्यात तर एका दिवसाच्या अंतरानंतरचा नमुना बरेचदा सर्वांत चांगला निघतो. मेघना यांचे पती शनिवारी येतात तेव्हा पाच-सहा दिवसांचं अंतर आपोआप पडलेलंच असतं. शनिवार आणि रविवार दोन्ही रात्री खुशाल. रविवारी वीर्य थोडं कमी आणि पातळ दिसेल, त्याने घाबरायचं कारण नाही. 'घट्ट म्हणजे जोमदार' यालाही अर्थ नाही. बाहेर आलेलं वीर्य आधी घट्टच असतं आणि 15 ते 30 मिनिटांत पातळ होतं, ते तसंच व्हायला हवं.

जुनाजाणता
लॅबमधलं लॅबमध्ये. आमच्याकडे वैद्यांनी संयम सांगितलेला आहे, आणि त्याने अनेकांना गुण आलेला पाहिलाय. मी माझ्या मतावर आहे.

दवाखान्यातली
मतावर राहा, पण त्यांना मात्र दहा दिवस थांबायला सांगू नका. त्यांच्या हातात रात्रीच मोजक्या आहेत.

मेघना, तुमच्यासाठी दोन महिने मांडून दाखवते. पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट लाल स्राव सुरू झाला तो दिवस, आदल्या दिवशीचे तपकिरी डाग धरायचे नाहीत.

समजा पाळी मंगळवारी आली. मग शनिवार-रविवार येतात पाचव्या-सहाव्या दिवशी, नंतर बाराव्या-तेराव्या आणि पुन्हा एकोणिसाव्या-विसाव्या. पहिला आणि शेवटचा शनिवार-रविवार कामाचा नाही, मधला आहे. बीज चौदाव्या किंवा पंधराव्या दिवशी सुटलं तर 12 आणि 13 हे दिवस नेमके बसतात. पण अठराव्याला सुटलं तर तेरावा दिवस त्याच्या पाच दिवस आधीचा, म्हणजे अगदी काठावरचा. अशा महिन्यात एकच जास्तीची रात्र मिळवायची, पुढच्या बुधवारची. तो सोळावा दिवस. तेवढ्याने सोळा, सतरा, अठरा या तिन्ही शक्यता झाकल्या जातात.

आता समजा पाळी शनिवारी आली. पुढचे शनिवार-रविवार येतात 8-9 आणि 15-16. बीज चौदाव्याला सुटलं तर नववा दिवस पाच दिवस आधीचा आणि पंधरावा उशिराचा, म्हणजे महिना जवळजवळ वायाच. इथेही मधला बुधवार, म्हणजे बारावा दिवस, तेवढी फट बुजवतो.

थोडक्यात रजा हिरव्या दिवसाची नको, दोन शनिवारांच्या मधल्या बुधवारची हवी. तीही दर महिन्याला एकच. तो पुण्याहून आला काय किंवा तुम्ही गेलात काय, सारखंच.

मेघना_के
हे फार स्पष्ट झालं. पण बुधवार ठरवण्याऐवजी ती ओव्ह्युलेशनची पट्टी वापरली तर? दोन रेघा आल्या की त्याला फोन करायचा, तो संध्याकाळी निघेल.

दवाखान्यातली
पट्टी लघवीतला एलएच हार्मोन पकडते. तो एकदम वाढला की साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं. म्हणजे पट्टी उजळते तोपर्यंत तुमच्या चांगल्या दिवसांतला बराच भाग मागे पडलेला असतो. एका घरात राहणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही. पुण्याहून यायचं म्हटलं की ऑफिस सुटणार कधी, गाडी मिळणार कधी, आणि रात्री दीडला दमून आलेल्या माणसाकडून अपेक्षा काय ठेवायची! तुमच्यासारख्यांनी पट्टी बोलावणं धाडायला वापरू नये. दोन-तीन महिने नुसती नोंद ठेवायला वापरावी. बीज बहुतेक पंधराव्या-सोळाव्यालाच सुटतंय असं दिसलं तर पुढचं नियोजन आवळता येतं.

वापरताना चुका ठराविक होतात. सर्वांत लहान पाळी 28 दिवसांची असेल तर अकराव्या दिवसापासून रोज एक, साधारण एकाच वेळी. दुपारची लघवी चालते, पण आधीचे दोन तास भरपूर पाणी किंवा ताक पिऊ नका, लघवी पातळ झाली की रेघ फिकी येते. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळातच वाचायचा, बहुतेक पट्ट्यांना पाच मिनिटं. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातली पट्टी काढून पुन्हा बघू नये. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह असं समजणं. ते प्रेग्नन्सीच्या पट्टीचं झालं. इथे फिकी दुसरी रेघ जवळजवळ रोजच दिसते. तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह.

रानजाई
मला पीसीओएस आहे. माझी पट्टी आठ-आठ दिवस गडदच येते. म्हणजे माझं बीज आठ दिवस सुटत राहतं का?

दवाखान्यातली
नाही. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच वर राहू शकतो, किंवा शरीर बीज सोडायचा प्रयत्न करतं आणि तो मध्येच फसतो. दोन्ही वेळा पट्टी गडद होते. तुमच्यासाठी पट्टीवर पैसे घालण्यापेक्षा सोनोग्राफीवर बीजाची वाढ पाहणं किंवा पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी जास्त बोलकी. पाळी दीड-दोन महिन्यांनी येत असेल तर वर्षभर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

पांढरी_शाल
पट्टी, ॲप काही नको असेल त्यांनी अंगावरून जाणाऱ्या स्रावाकडे बघावं. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे, मग चिकट, दह्यासारखा, आणि मग एके दिवशी पारदर्शक, बुळबुळीत. अंगठा आणि बोटात धरून हळू ताणला तर इंच-दीड इंच न तुटता ताणला जातो. तो दिसायला लागला की संबंध सुरू करायचे, तो अचानक संपून पुन्हा चिकट किंवा कोरडं झालं की काळ संपला. पट्टीपेक्षा हा इशारा आधी मिळतो, हा त्याचा फायदा.

फक्त संबंधांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघू नका. तेव्हा बाहेर येणारं वीर्य आणि हा स्राव ओळखू येत नाहीत. जेल लावलं असेल तर तेही. दुपारनंतर बाथरूमला जाताना बघितलं तर फसगत कमी.

संपादक_मंडळ
इथला एक प्रतिसाद काढून टाकला आहे. मुलगाच व्हावा म्हणून सम तारखा, विशिष्ट बाजूला झोपणं वगैरे त्यात सांगितलं होतं. गर्भलिंग निवडीचे उपाय सुचवणं इथे चालणार नाही, 1994 च्या कायद्याने त्याची जाहिरातही गुन्हा आहे. पुन्हा टाकल्यास खातं बंद होईल.

गणिती
काढलात ते बरं केलंत. वरच्याच अभ्यासात संबंध कोणत्या दिवशी झाले याचा आणि मुलगा की मुलगी याचा काही मेळ लागला नव्हता.

मेघना_के
जेलचं कुणीच बोललं नाही अजून. ते सोडून द्यायचं तर मला खरंच त्रास होईल.

सूक्ष्मदर्शी
मेडिकलमध्ये मिळणारी बहुतेक पाण्यात विरघळणारी जेलं लॅबमध्ये शुक्राणूंना मारक ठरतात. अशा जेलात वीर्य मिसळून ठेवलं तर तासाभरात हालचाल 60 ते 100 टक्क्यांनी खाली येते. कारण साधं आहे. जेल ओलसर राहावं म्हणून त्यात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. त्यामुळे जेलाचा दाट द्रव शुक्राणूच्या आतलं पाणी बाहेर खेचतो. काचपट्टीवर दिसतं ते असं: शेपटी हलत असते, पण शुक्राणू पुढे सरकत नाही, जागच्या जागी थरथरतो आणि थोड्या वेळाने थांबतो. शिवाय योनीमार्गाला मानवावं म्हणून पुष्कळ जेलं आंबट ठेवलेली असतात, आणि शुक्राणूंना आंबटपणा सोसत नाही.

थुंकीचंही तसंच. लोकांना ती निरुपद्रवी वाटते, पण थोडी मिसळली तरी हालचाल मंदावते. म्हणूनच नमुना देताना आम्ही थुंकी, साबण, जेल काहीही लावू नका असं सांगतो. ऑलिव्ह तेलही लॅबमध्ये वाईट ठरलंय. बेबी ऑइलसारखं खनिज तेल आणि कॅनोला तेल यांनी शुक्राणूंना धक्का लागलेला दिसला नाही.

कोंकणातला
मग साधं पाणी लावलं तर? त्यात कसलंच केमिकल नाही.

सूक्ष्मदर्शी
पाणी उलट्या बाजूने मारतं. शुक्राणू पाणी शोषून फुगतो आणि त्याची शेपटी गुंडाळली जाते. शुक्राणूचं आवरण शाबूत आहे का हे बघायला आम्ही मुद्दाम तशी चाचणी करतो. आणि व्यवहारात पाणी दोन मिनिटांत वाळून आणखी कोरडं करतं.

गणिती
इथे थोडं थांबूया. परीक्षानळीत जेल आणि वीर्य एकजीव करून तासभर ठेवतात. प्रत्यक्षात जेल बाहेरच्या भागाला लागतं आणि वीर्य गर्भाशयाच्या तोंडाशी पडतं. 2012 मध्ये, पुन्हा नॉर्थ कॅरोलिनातच, 30 ते 44 वयाच्या स्त्रियांचा अभ्यास झाला. जेल वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या जोडप्यांत गर्भ राहण्याच्या शक्यतेत फरक सापडला नाही. म्हणून 'जेल म्हणजे गर्भनिरोधक' असं मेघना यांच्या मनात भरवू नये.

सूक्ष्मदर्शी
तो अभ्यास माहीत आहे. पण त्यात जेल वापरणारे मुळात जास्त वेळा संबंध ठेवणारे असतील आणि नुकसान त्यात भरून निघालं असेल, ही शक्यता पूर्णपणे पुसता येत नाही. पर्याय सहज मिळत असताना धोका का पत्करायचा, एवढंच माझं म्हणणं.

गणिती
शक्यता मान्य. पण लॅबमधला 60 ते 100 टक्क्यांचा फटका प्रत्यक्षात तसाच बसत असता तर तो एवढ्या सहज लपला नसता. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

दवाखान्यातली
तुम्ही दोघं भांडा, मी मेघनांना उत्तर देते. नऊ ते अठरा हे दिवस सोडून बाकी महिनाभर तुमचं नेहमीचं जेल बिनधास्त वापरा. त्या दिवसांत दोन पर्याय. एक, गर्भधारणेसाठी म्हणून वेगळी विकली जाणारी जेलं ऑनलाइन मिळतात. नावावर जाऊ नका, मागची बाजू वाचा. हायड्रॉक्सीएथिल सेल्युलोज हा मुख्य घटक हवा, पीएच 7 च्या वर असावा, आणि ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, दिलेली असेल तर 300 च्या आसपास. वीर्याची तेवढीच असते. शुक्राणुनाशक नॉनऑक्सिनॉल-9 नाही ना एवढं नक्की तपासा. दुसरा पर्याय, बेबी ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन, बिनवासाचं, चार-पाच थेंब. तेही योनीच्या तोंडाशी बाहेरून लावायचं, आत ओतायचं नाही. तेलाने जंतुसंसर्ग किंवा खाज सुरू झाली तर बंद.

हे जेल शक्यता वाढवत नाही, फक्त आड येत नाही. पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आणि कोरडेपणाचं कारणही बघायला हवं. आल्याआल्या घाईने, 'आज तारीख आहे' म्हणून होणाऱ्या संबंधांत शरीराला ओलावायला वेळच मिळत नाही. गंमत म्हणजे बीज सुटण्याच्या आधीच्या दिवसांत नैसर्गिक ओलावा सर्वांत जास्त असतो. त्या दिवसांतही कोरडंच वाटत असेल तर एखादं औषध कारण असू शकतं. बीज वाढवायला देतात त्या क्लोमिफीनच्या गोळ्यांनी हा स्राव आटतो, सर्दीच्या काही गोळ्यांनीही. आणि कोरडेपणा नसतानाही दुखत असेल, आत खोलवर कळ येत असेल किंवा प्रवेशच होत नसेल, तर ते जेलने झाकायचं दुखणं नव्हे. ते डॉक्टरांना सांगा.

कोंकणातला
खोबरेल तेलाबद्दल कुणी सांगेल का? आपल्याकडे घरोघरी तेच वापरतात, बेबी ऑइल कुणाच्या घरात असतं?

दवाखान्यातली
कॅनोला आणि खनिज तेलासारखी त्याची पारख झालेली नाही, म्हणून मी त्या दिवसांपुरतं टाळायला सांगते. आधी वापरलं गेलं असेल तर डोक्याला हात लावून बसू नका.

रानजाई
माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर रेट्रोव्हर्टेड युटेरस लिहिलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, गर्भाशय मागे झुकलेलं असेल तर नंतर पालथं झोपायचं, नाहीतर सगळं बाहेर पडतं. मी करते तसं. सकाळी तरी ओलं येतंच.

दवाखान्यातली
साधारण पाचातल्या एकीचं गर्भाशय मागे कललेलं असतं, ते एरवी नॉर्मलच. त्यासाठी पोझिशन बदलायची गरज नाही.

बाहेर येणाऱ्या द्रवाबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण निम्मी भीती तिथूनच येते. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळा प्रोस्टेट आणि शेजारच्या ग्रंथींचा द्रव. शुक्राणू स्खलनानंतर काही सेकंदांतच गर्भाशयाच्या तोंडातल्या स्रावात शिरलेले आढळतात. एका प्रयोगात योनीत ठेवलेले खुणेचे सूक्ष्म कण दोन मिनिटांत गर्भनलिकेपर्यंत पोचलेले दिसले. त्या कणांना शेपटी नव्हती, पोहता येत नव्हतं. गर्भाशय स्वतःच हलक्या लाटांनी वर ओढून घेतं, आणि त्या लाटा पाळीच्या मधल्या दिवसांत जोरात असतात. पाय भिंतीला लावण्याने त्यात भर पडत नाही. पंधरा मिनिटांनी पातळ होऊन जे बाहेर येतं ते मागे राहिलेलं पाणी. ते येणारच, उभ्या राहिलात तरी आणि पालथ्या पडलात तरी.

पांढरी_शाल
पण आयव्हीएफ केंद्रांत आययूआय झाल्यावर पंधरा मिनिटं झोपवून ठेवतात ना? ते उगाच?

दवाखान्यातली
चांगला प्रश्न. 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात आययूआयनंतर 15 मिनिटं पडून राहिलेल्यांना गर्भ जास्त राहिले, तिथून ही पद्धत सगळीकडे रुजली. नंतर तिथेच जास्त जोडप्यांवर पुन्हा करून पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही. आणि दोन्ही अभ्यास आययूआयचे, ज्यात धुतलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात. नैसर्गिक संबंधांना ते लावताच येत नाहीत. पडून राहायला बरं वाटत असेल तर राहा, नुकसान काही नाही. ज्यांना वारंवार लघवीला जळजळ होते त्यांनी मात्र अर्धा तास लघवी धरून ठेवू नये. लघवीचा मार्ग वेगळा आहे, लघवी केल्याने शुक्राणू वाहून जात नाहीत.

पोझिशनचं म्हणाल तर स्खलन योनीत व्हायला हवं, एवढी एकच अट. पुरुष वर, स्त्री वर, कुशीवर, काहीही. पाठदुखी, वजन, गुडघे यांच्या मानाने जी सोयीची ती चांगली. स्त्रीला परमोच्च सुख मिळालं नाही तर गर्भ राहत नाही, हीही समजूतच.

जुनाजाणता
एक विचारतो, खिल्ली उडवू नका. तारीख ठरवली की पुरुषाकडून काहीच होत नाही, अशी जोडपी पाहिली आहेत. संयमाचा मुद्दा मी त्याच अनुभवातून मांडला होता.

दवाखान्यातली
खिल्ली कशाला, हे नेहमीचं आहे. धडधाकट पुरुषालाही 'आजच' म्हटलं की ताठरता येत नाही किंवा स्खलन होत नाही. पण त्यावर दहा दिवस थांबून सगळा भार एका रात्रीवर टाकला तर ताण वाढतोच. चार रात्री हाताशी असल्या की एखादी हुकली तरी चालते. मी जोडप्यांना सांगते की पट्टीचा निकाल बायकोने आपल्याजवळ ठेवावा, फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवू नये. दोन-तीन महिने लागोपाठ असंच होत राहिलं तर औषधं आहेत, लाज नको. मधुमेह असेल आणि स्खलन होऊनही वीर्य बाहेर येत नसेल तर ते वेगळं प्रकरण, ते उलट मूत्राशयात जात असू शकतं. तपासून घ्या.

मेघना_के
पट्टीचा फोटो पाठवणं... बरं, ते बंद. आजच पाळी आली, आज गुरुवार. मी असं मांडलंय: शनिवार-रविवार येतात 3-4, 10-11 आणि 17-18. म्हणजे 10-11 आणि 17-18 दोन्ही कामाचे, आणि मधला बुधवार चौदावा. बरोबर? या वेळी मीच पुण्याला जाईन म्हणते.

दवाखान्यातली
बरोबर. बुधवार सोडू नका. बीज चौदाव्याला सुटलं तर अकरावा तीन दिवस आधीचा पडतो, तो चालेल, पण पंधरा-सोळासाठी बुधवारच कामाचा. अठराव्या दिवशीच्या रात्री उशीर झालेला असू शकतो, म्हणून त्या आठवड्यात शनिवारला जास्त महत्त्व. वयाच्या पस्तिशीच्या आत असाल तर असं नीट नियोजन करून वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने, मग दोघांच्या तपासण्या. वीर्य तपासणी आधी करून घेतली तरी हरकत नाही, साधी आणि स्वस्त आहे.

सूक्ष्मदर्शी
आणि ती पुण्यात करणार असाल तर नमुना लॅबमध्येच द्या. घरून आणायचा झाला तर तासाच्या आत, शर्टाच्या आत अंगाशी धरून. साध्या कंडोममध्ये नको, त्याच्या रबराने आणि वंगणाने शुक्राणू मरतात.

कोंकणातला
खोबरेल तेलावर कुणी खरंच काचपट्टीखाली बघितलं असेल तर इथे लिहा. सूक्ष्मदर्शी, तुमच्याकडे सोय आहे.

सूक्ष्मदर्शी
एखाद-दुसऱ्या नमुन्यावर थेंब टाकून बघितलं तर त्याला चाचणी म्हणत नाहीत, आणि पेशंटच्या नमुन्यावर असले उद्योग करता येत नाहीत.